दर १० मिनिटांनी बस पाहिजे, तर रूटवर गाड्या किती लागतील? फेरीच्या वेळेवरून हिशोब कसा करायचा

एखाद्या रूटवर "दर दहा मिनिटाला गाडी" असं ठरवायला काही लागत नाही, पण त्यासाठी गाड्या किती सोडायच्या हे विचारलं की बरेच जण प्रवासी किती, रूट किती किलोमीटरचा असं काहीतरी मोजायला बसतात. खरं तर किलोमीटर इथे थेट कामाचे नाहीत. लागते फक्त एक गोष्ट, गाडी स्टँडवरून सुटल्यापासून परत येऊन पुढच्या फेरीला तयार होईपर्यंत किती मिनिटं जातात. या वेळेला दोन गाड्यांमधल्या अंतराने (म्हणजे मिनिटांच्या अंतराने) भागायचं, झालं.

असं का, ते घड्याळ लावून बघू. समजा पूर्ण चक्कर ११० मिनिटांची आहे आणि पहिली गाडी सकाळी ८ ला सुटली. ती ९:५० ला परत तयार होणार. तोपर्यंत ८:१०, ८:२०, ८:३० असं करत ९:४० पर्यंत प्रत्येक वेळेला वेगळी गाडी लागणार कारण आधी गेलेली एकही अजून आलेली नाही. ८ पासून ९:४० पर्यंत मोजा, ११ गाड्या होतात. ९:५० ला पहिलीच गाडी पुन्हा सुटते आणि मग चक्र आपोआप फिरत राहतं. ११० भागिले १० म्हणजे ११, बस एवढंच आहे ते.

मग चुकतं कुठे? चुकतं ते ११० हा आकडा काढताना.

आधी फेऱ्यांच्या खऱ्या वेळा गोळा करा. एकाच प्रकारच्या दिवशी, एकाच वेळेच्या पट्ट्यात (म्हणजे दुपारच्या दुपारच्यासोबत, संध्याकाळच्या संध्याकाळच्यासोबत) जाऊन येऊन किती मिनिटं गाडी रस्त्यावर होती ते लिहा. जीपीएसचा डेटा असेल तर उत्तमच, नसेल तर स्टँडवर टाइमकीपर वही घेऊन बसला तरी चालतं. दोन्ही टोकांना गाडी थांबते ती वेळ यात धरू नका, ती नंतर येते. आणि महत्त्वाचं म्हणजे जाण्याची आणि येण्याची वेळ त्याच फेरीची एकत्र करा. जाण्यातली सगळ्यात उशिराची आणि येण्यातली सगळ्यात उशिराची अशा वेगवेगळ्या उचलून बेरीज केली तर आकडा उगाच फुगतो, कारण दोन्हीकडे एकाच फेरीत वाट लागेल असं क्वचितच होतं.

उदाहरणासाठी दुपारच्या २० फेऱ्या घेऊ, लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेल्या: ९१, ९२, ९३, ९४, ९४, ९५, ९५, ९६, ९६, ९७, ९७, ९८, ९९, १००, १०१, १०२, १०४, १०६, १०९, ११८.

मधली वेळ ९७ मिनिटं. टाइमटेबलमध्ये फेरीची वेळ म्हणून हीच धरायची, समजा जाताना ४६ आणि येताना ५१. आता फक्त ९७ ला दहाने भागून "दहा गाड्यांत होतंय की" म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. दहा गाड्या म्हणजे चक्कर १०० मिनिटांत संपलीच पाहिजे, म्हणजे दोन्ही टोकं मिळून थांबायला फक्त ३ मिनिटं. वरची यादी बघा, १०० च्या वरच्या ६ फेऱ्या आहेत. ड्रायव्हरला पाणी प्यायलाही न देता गाडी लगेच वळवली तरी वीसातल्या सहा फेऱ्यांनंतरची पुढची फेरी उशिराच सुटणार, आणि तो उशीर तिथेच थांबत नाही. उशिरा सुटलेल्या गाडीला स्टॉपवर जास्त माणसं भेटतात, चढउतार जास्त, ती अजून मागे पडते, आणि तिच्या मागची गाडी रिकाम्या स्टॉपवरून पटापट येऊन तिला गाठते. वीस मिनिटं काहीच नाही आणि मग दोन गाड्या पाठोपाठ, हे जे आपण नेहमी बघतो त्याचं मूळ बऱ्याचदा स्टँडवरच्या या कमी पडलेल्या मिनिटांत असतं.

म्हणून थांबण्याची वेळ, जिला लेओव्हर म्हणतात, ती नीट काढा. दहातल्या नऊ फेऱ्यांनंतर पुढची फेरी वेळेवर सुटावी एवढं धरलं तर पुरतं. वीसातली अठरावी फेरी बघायची, ती १०६ ची आहे. म्हणजे ९ मिनिटं उशीर गिळायला, वर गाडी वळवून लावायला एखादं मिनिट, असे १०. ११८ वाल्या फेरीसाठी सगळं टाइमटेबल ताणू नका, तशी फेरी कधीतरी येणारच, तिच्यासाठी स्पेअर गाडी असते. मात्र ड्रायव्हर-कंडक्टरला विश्रांती किती द्यायची याचा नियम किंवा करार असेल आणि तो १० मिनिटांपेक्षा जास्त मागत असेल तर तोच आकडा धरायचा. जेवणाची सुट्टी मात्र यात बसवू नका, तेवढा वेळ गाडी दुसऱ्या ड्रायव्हरकडे जाते किंवा ती फेरी वेगळी आखतात.

तर ९७ अधिक १० म्हणजे १०७. भागिले १०, उत्तर १०.७. अर्धी-पाऊण गाडी मिळत नाही, त्यामुळे वरचा पूर्ण आकडा, ११. इथे जवळचा आकडा घेणं वगैरे काही नसतं, १०.१ आलं तरी ११ च, कारण खाली आलात की कापली जाते ती लेओव्हरच.

आता ११ गाड्या घेतल्या की चक्कर १०७ ची नाही राहत, ती ११० ची होते. वरची ३ मिनिटं कुठेतरी टाकावी लागतात. ती रस्त्यावरच्या वेळेत टाकू नका, नाहीतर गाड्या वाटेत रेंगाळतात, सिग्नल हिरवा असून स्टॉपवर उभ्या राहतात आणि आतले प्रवासी वैतागतात. ती टोकालाच द्या. समजा लांबच्या टोकाला ६ आणि डेपोकडच्या टोकाला ७, मिळून १३. यादीशी ताडून बघा, ११० च्या वर आता फक्त ११८ वाली एक फेरी उरते.

अकरावी गाडी मिळतच नसेल तर? मग फ्रिक्वेन्सी बदला, लेओव्हर नको. १० गाड्यांत दर ११ मिनिटांनी आरामात जमतं. आणि गंमत म्हणजे दर १२ मिनिटांनी ठेवलं तर ९ गाड्यांत होतं, १०८ मिनिटांची चक्कर, हवी होती १०७. मला स्वतःला ११ पेक्षा १२ जास्त आवडतं कारण साठाला भाग जातो, म्हणजे दर तासाला गाडी त्याच त्याच मिनिटांना येते आणि लोकांना टाइमटेबल पाठ होतं, ११ मिनिटांचं कोणाच्याही लक्षात राहत नाही. अर्थात गर्दीच्या पट्ट्यात १२ मिनिटांत जमणारी माणसं एका गाडीत मावतात का ते आधी बघायला लागेल, नाही मावली तर हा पर्याय कागदावरच राहतो.

यातूनच अजून एक गोष्ट दिसते. सिग्नल सुधारून किंवा एखादा वळसा काढून फेरीची ४ मिनिटं वाचवली तर १०३ होतात, गाड्या तरीही ११ च. ७ मिनिटं वाचवली तर बरोब्बर १०० आणि एक पूर्ण गाडी मोकळी होते. त्यामुळे "वेळ वाचला पण गाडी कुठे वाचली" असं कोणी विचारलं तर उत्तर या भागाकारात असतं.

आता खरी डोकेदुखी, संध्याकाळ. ५ नंतर ट्रॅफिक वाढतं, समजा जाताना ५६ आणि येताना ६० मिनिटं लागायला लागली. ११६ झाले. परत त्याच पद्धतीने संध्याकाळच्या फेऱ्यांवरून लेओव्हर काढला, आला १२, एकूण १२८, दहा मिनिटांच्या फ्रिक्वेन्सीला १३ गाड्या, चक्कर १३० ची. टोकांना ६ आणि ८. म्हणजे दोन गाड्या वाढल्या, पण त्या घालायच्या कधी आणि कुठे? पुष्कळदा दोन्ही गाड्या ५ वाजता डेपोतून काढून स्टँडवर उभ्या केल्या जातात, आणि तेव्हा त्यांची गरजच नसते.

डेपोकडून ४:०० ला सुटलेली गाडी ४:४६ ला पोचते, ६ मिनिटं थांबून ४:५२ ला निघते, अजून रस्ता मोकळा आहे, ५:४३ ला येते आणि ५:५० च्या फेरीला लागते. तिच्या मागची, ४:१० वाली, लांबच्या टोकावरून ५:०२ ला निघते, ट्रॅफिकमध्ये सापडते, ६:०२ ला येते, ८ मिनिटं थांबून ६:१० ला सुटते. मग ६:०० ची फेरी कोण करणार? कोणीच नाही, तिथे भोक पडलं. पहिली जादा गाडी डेपोच्या टोकाला ६ वाजता लागते.

दुसरं भोक लांबच्या टोकाला पडतं. इकडून ४:५० ला सुटलेली तिकडून ५:४२ ला निघते, ५:०० ला सुटलेली ट्रॅफिकमुळे ५:५६ ला पोचते आणि ६:०२ ला निघते. मधली ५:५२ ची फेरी गायब. ही दुसरी गाडी तिकडे रिकामीच पाठवावी लागते, आणि गर्दीतून जायचंय म्हणून पाऊण-एक तास आधी काढायची. दोन्ही गाड्या डेपोच्या टोकाला घातल्या तर लांबच्या टोकाची माणसं वीस मिनिटं ताटकळतात आणि वहीत मात्र १३ गाड्या पूर्ण दिसतात. प्रत्यक्षात ट्रॅफिक असं एका ठोक्याला वाढत नाही, हळूहळू चढतं, म्हणून वेळा थोड्या मागेपुढे होतील, पण भोक शोधायची पद्धत हीच. ट्रॅफिक उतरताना उलटं होतं, गाड्या लवकर यायला लागतात आणि टोकाला रांग लागते, तेव्हा दोन गाड्या काढून घ्यायच्या.

डेपोने एकूण गाड्या किती ठेवायच्या ते या सगळ्यात जो सर्वात मोठा आकडा आहे त्यावरून ठरतं, म्हणजे इथे १३, वर दुरुस्ती आणि ब्रेकडाउनसाठी दहा ते वीस टक्के स्पेअर धरा, दोन गाड्या झाल्या. ड्रायव्हरांची संख्या मात्र यातून निघत नाही, ती ड्युटीच्या तासांवर जाते.

टाइमटेबल लागू झाल्यावर स्टॉपवर नाही, टोकाला उभं राहून तपासा. किती फेऱ्या ठरल्या मिनिटाला सुटल्या तेवढंच लिहा. दहातली एखादी चुकली तर ठीक, तीन-चार चुकत असतील तर फेरीची वेळ जुनी झालीय, परत मोजा. आणि टोकाला कायम दोन-तीन गाड्या उभ्या दिसत असतील तर चक्करीत वेळ जास्त धरलाय, तिथली एक गाडी दुसऱ्या रूटला देता येईल.