गिनी काढायला बसण्याआधी काय काय हाताशी हवं

गिनी म्हणजे उत्पन्नाची विषमता सांगणारा एक आकडा, तो काढायचा तर आधी टेबल नीट बघून घ्या, गणित नंतर. ग्रुप केलेला डेटा म्हणजे उत्पन्नाचे गट आणि प्रत्येक गटात किती माणसं एवढंच बहुतेकदा मिळतं, पण लॉरेंझ कर्व्हसाठी, म्हणजे गरिबाकडून मोजत गेलं तर किती माणसांकडे उत्पन्नाचा किती वाटा जातो ते दाखवणाऱ्या रेषेसाठी, तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे प्रत्येक गटाचं एकूण उत्पन्न किंवा निदान सरासरी. ती छापलेली असेल तर तुमचं अर्धं काम झालं. आणि मोजणी माणसांची आहे की कुटुंबांची हे वर कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण कुटुंबं लहानमोठी असतात आणि दोन्हींचा आकडा वेगळा येतो, मग नंतर कोणीतरी विचारतंच.

मी समजायला एक छोटं उदाहरण घेतो, आकडे मनाचेच आहेत. 100 माणसं, चार गट: 0 ते 10 मध्ये 40 जण, सरासरी 6, 10 ते 20 मध्ये 30 जण, सरासरी 14, 20 ते 40 मध्ये 20 जण, सरासरी 27, आणि 40 च्या वर 10 जण, सरासरी 80. गुणाकार केले की गटांचं उत्पन्न 240, 420, 540, 800, टोटल 2000. गट गरिबाकडून श्रीमंताकडे याच क्रमाने लावलेले हवेत, उलटे लावले तर कर्व्ह कर्णाच्या, म्हणजे सगळ्यांना सारखंच मिळालं तर येणाऱ्या (0, 0) ते (1, 1) या सरळ रेषेच्या, वर जातो आणि गिनी मायनस येतो.

आता दोन संचयी कॉलम करायचे. माणसांचा वाटा p: 0.4, 0.7, 0.9, 1. उत्पन्नाचा वाटा L: 0.12, 0.33, 0.60, 1. आणि सुरुवातीला (0, 0) हा बिंदू लिहायचाच, तो बरेच जण विसरतात आणि पहिला तुकडाच हरवतो. बिंदू जोडण्याआधी एक चेक करा: प्रत्येक तुकड्याचा चढ म्हणजे त्या गटाची सरासरी भागिले सगळ्यांची सरासरी, इथे 20, म्हणून 0.3, 0.7, 1.35 आणि 4. हे चढ वाढतच गेले पाहिजेत. मध्येच एखादा कमी झाला तर क्रम चुकलाय किंवा कुठलीतरी सरासरी आपल्या गटाच्या हद्दीबाहेर गेलीय, पुढे जाऊ नका.

क्षेत्रफळाला वेगळं काही लागत नाही, सगळे समलंब चौकोनच आहेत (पहिला त्रिकोण, पण सूत्र तेच):

```
G = 1 - Σ (p[i] - p[i-1]) * (L[i] + L[i-1])
```

तुकडे येतात 0.048, 0.135, 0.186, 0.160, बेरीज 0.529, म्हणून गिनी 0.471. ही बेरीज म्हणजे कर्व्हखालच्या क्षेत्रफळाची दुप्पट, कारण समलंबाच्या सूत्रातला अर्धा आपण घेतलाच नाही. कर्णाखालचा अख्खा त्रिकोण अर्धा असतो आणि गिनी म्हणजे कर्ण आणि कर्व्हमधलं क्षेत्रफळ भागिले तो अर्धा, त्यामुळे ही बेरीज तशीच 1 मधून वजा केली की झालं. समलंबाचा तो अर्धा चुकून घेतला की उत्तर 0.7355 येतं, आणि ते दिसायला इतकं साळसूद असतं की चूक लक्षातही येत नाही.

खरी डोकेदुखी शेवटच्या उघड्या गटाची. सरासऱ्या दिल्या नसतील तर वर्गमध्य घेतो आपण, 5, 15, 30, पण "40 च्या वर" याचा मध्य काय? कोणी 50 धरलं तर याच माणसांचा गिनी 0.42 येतो. 0.471 चा 0.42, आणि फरकाचं मुख्य कारण वरच्या दहा जणांसाठी धरलेला आकडा. म्हणून तुम्ही काय धरलंय ते उत्तराशेजारी लिहाच, आणि शक्य असेल तर एकूण उत्पन्न दुसरीकडून शोधा, टोटलमधून खालचे गट वजा केले की वरच्याचं उत्पन्न आपोआप उरतं.

अजून एक, गट किती होते तेही लिहा. सरळ रेषांनी जोडलं म्हणजे गटातल्या सगळ्यांना सारखंच मिळतं असं आपण धरलं, त्यामुळे वरून आलेला 0.471 हा तळाचा आकडा आहे, खरा गिनी एवढा किंवा यापेक्षा जास्त. वरचे दोन गट एकत्र केले तर तोच 0.418 वर उतरतो. त्यामुळे चार गटांचा गिनी दहा गटांच्या गिनीशेजारी ठेवून "इथे विषमता कमी" म्हणायच्या आधी दोन्ही टेबलं सारख्याच p च्या बिंदूंवर कापून परत मोजा.