पाच सीट, सहा महिने आणि सातव्या महिन्याचं बिल

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका को-वर्किंगमध्ये आम्ही पाच जणांनी पहिल्यांदा सीट घेतल्या, तेव्हा अ‍ॅग्रीमेंट मी मोबाइलवर वरवर चाळलं आणि सही करून टाकली. ठरलेले आकडे मला तोंडपाठ होते. सीटमागे 5,500, म्हणजे पाचांचे 27,500. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून महिन्याला 32,450. डिपॉझिट 55,000, लॉक-इन सहा महिने, नोटीस एक महिना. हे आकडे एकमेकांत कसे अडकतात, ते मात्र मी पाहिलंच नव्हतं.

आमचं लॉक-इन 1 जुलैला सुरू झालं, म्हणजे 31 डिसेंबरला संपणार होतं. त्याच दिवशी जागा सोडायची म्हणून मी 1 डिसेंबरला नोटीस दिली. मॅनेजरने कलम उघडून दाखवलं: नोटीस लॉक-इन संपल्यानंतरच देता येईल. म्हणजे महिना मोजायचा 1 जानेवारीपासून. सहा महिन्यांचं म्हणून घेतलेलं लॉक-इन प्रत्यक्षात सात महिन्यांचं होतं, आणि सातव्या महिन्याचे 32,450 द्यावे लागले. मी म्हटलं, "मग डिपॉझिटमधून वळते करून घ्या." तेही चालत नव्हतं, कारण डिपॉझिट मासिक फीपोटी वळतं होणार नाही असं वेगळं कलम होतं.

म्हणून लॉक-इनचं कलम वाचताना पहिला प्रश्न नोटिशीचा विचारा: ती लॉक-इनच्या आत देता येते का? दुसरा प्रश्न, लॉक-इन कशावर आहे, अ‍ॅग्रीमेंटवर की सीटच्या संख्येवर? आमचा एक सहकारी सप्टेंबरअखेर नोकरी सोडून पुण्याला गेला. त्याची खुर्ची रिकामी, पण ऑक्टोबर ते जानेवारी तिचे दरमहा 6,490 प्रमाणे 25,960 रुपये गेले. छोट्या टीमला हेच जास्त झोंबतं. पाचांतला एक गेला की टीमचा पाचवा हिस्सा जातो, बिल मात्र तसूभरही कमी होत नाही.

आणखी एक गोष्ट बारकाईने बघा. काही ठिकाणी मध्येच सोडलं तर डिपॉझिटही जप्त आणि उरलेल्या महिन्यांची फीही द्यायची, असं दोन्ही लिहिलेलं असतं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. पण पैसे आधीच त्यांच्या हातात असतात आणि 55,000 साठी कोर्टाची पायरी चढणं कुणाला परवडत नाही. त्यामुळे सहीआधीच त्यातलं एक खोडून घ्यायचं.

डिपॉझिट परत मिळायची मुदत 45 दिवस होती. ते दिवस जागा रिकामी केल्यापासून धरायचे नव्हते. सगळी अ‍ॅक्सेस कार्डं परत दिल्यापासून धरायचे होते. एक कार्ड पुण्याला गेलेल्या मित्राच्या बॅगेत राहिलं होतं. ते कुरिअरने यायला आठ दिवस लागले, आणि मोजणी तिथून सुरू झाली. शिवाय सीटमागे 1,000 रुपये 'रिस्टोरेशन' म्हणून कापले. हे कलम अ‍ॅग्रीमेंटमध्ये नव्हतं. त्यात उल्लेख असलेल्या 'हाउस रूल्स'मध्ये होतं आणि ते मी कधी मागितलेच नव्हते. हातात आले 50,000.

पाहुण्यांचे नियमही त्याच हाउस रूल्समध्ये होते. अंबडच्या कारखान्यातले तिघे डेमो बघायला आले, तेव्हा रिसेप्शनवर अर्धा तास फुकट, पुढे माणशी 400 रुपयांचा डे पास, असं कळलं. मीटिंग रूमचे तास आमच्या प्लॅनमध्ये होते, म्हणून मी निर्धास्त होतो. पण ते तास खोलीचे, आत बसणाऱ्या पाहुण्यांचे पैसे वेगळे. आठवड्यातून तीन दिवस येणारी इंटर्नही त्यांच्या लेखी पाहुणीच. बारा दिवसांचे 4,800 आणि त्यावर जीएसटी; यात जवळजवळ एक सीट आली असती.

दुसरी जागा गंगापूर रोडला घेतली, तेव्हा हाउस रूल्स आधी मागवून घेतले. मग मालकीणबाईंना मी चार गोष्टी विचारल्या: नोटीस पाचव्या महिन्यात देता यावी, तीन महिन्यांनंतर एक सीट कमी करता यावी, मीटिंग रूम बुक असेल तर चार पाहुण्यांना पास लागू नये, आणि कपातीची यादी आत्ताच लिहून मिळावी. त्या म्हणाल्या, "अहो, एवढं तर आम्ही करतोच, लिहायला कशाला हवं?" पण शेवटच्या पानावर कलम होतं, की लेखी अ‍ॅग्रीमेंटबाहेरचं कोणतंही बोलणं धरलं जाणार नाही. मी ते त्यांना दाखवलं. सीट कमी करायला त्यांनी नकार दिला. बाकी तिन्ही गोष्टी वेगळ्या परिशिष्टात आल्या आणि त्यावर दोघांच्या सह्या झाल्या. मग आम्ही पाचाऐवजी चारच सीट घेतल्या. पाचवा माणूस कायम झाला की वाढवू, असं ठरवून.