एक फोन, दोन इअरबड्स आणि मागेपुढे होणारा आवाज

माझ्या फोनमध्ये एकाच वेळी दोन ब्लूटूथ इअरबड्सच्या जोड्यांना आवाज पाठवण्याची सोय आहे. परंतु आईसोबत चित्रपट पाहताना तिला संवाद माझ्यापेक्षा किंचित उशिरा ऐकू येत असे. फरक नेमका ओळखण्यासाठी मी एका कानात माझा आणि दुसऱ्या कानात तिचा बड घालून टाळ्यांची ध्वनिफीत लावली, तेव्हा प्रत्येक टाळी दोनदा ऐकू आली.

याचे कारण असे की नेहमीच्या ब्लूटूथमध्ये फोन प्रत्येक जोडीला स्वतंत्र प्रवाह पाठवतो, आणि आवाज तुटू नये म्हणून प्रत्येक जोडी आपल्या रचनेनुसार तो थोडा साठवून मगच वाजवते. माझ्या जोडीत आवाजाचा उशीर कमी करणारा गेमिंग मोड चालू असल्याने त्या जोडीचा साठा लहान होता. तो मोड बंद केल्यावर दोन्ही आवाज जवळजवळ जुळले. उरलेला सूक्ष्म फरक मात्र फोनच्या सेटिंगमधून जाईना, कारण दोन्ही जोड्यांना समान वेळ सांगणारे कोणीच नसते. एलई ऑडिओ या नव्या ब्लूटूथ पद्धतीवर आधारलेल्या ऑराकास्टमध्ये, म्हणजे एकाच उपकरणावरून अनेकांना आवाज प्रक्षेपित करण्याच्या सोयीत, आवाज कधी वाजवायचा हे प्रक्षेपणातच ठरवलेले असते. परंतु त्यासाठी फोन आणि दोन्ही जोड्या, तिन्हींमध्ये ती सोय असावी लागते.