खलनायकाचं गाणं: धाक शब्दकोशात शोधू नका

नाटकासाठी पद लिहिणं तुम्हाला नवीन नाही, मात्रा मोजता येतात, ध्रुवपद कुठे परतवायचं हे ठाऊक आहे, असं धरून चालतो. अडतं ते पुढे. दिग्दर्शक सांगतो, "खलनायकाला एक गाणं दे. गोड हवं, पण अंगावर काटा यायला हवा. आणि ते शब्दांतून यायला हवं, प्रकाश आणि पार्श्वसंगीत मी वापरणार नाही." इथे नवा गीतकार हमखास एकाच खड्ड्यात पडतो. जुनेही पडतात, फक्त त्यांना कुणी सांगत नाही.

खड्डा असा. आपण काळ्या शब्दांची यादी काढून बसतो. विष, सर्प, काळोख, रक्त, जाळं, सावज. मग त्यांना झाकायला गोड शब्दांची दुसरी यादी येते, चांदणं, फूल, मध. दोन्ही एकत्र कालवल्या की "मधाच्या प्याल्यात विषाचा थेंब" अशा ओळी निघतात. ऐकायला बऱ्या वाटतात, पण त्यात मोहही नसतो आणि धाकही नसतो. खलनायक स्वतःवर निबंध वाचून दाखवतोय इतकंच कळतं.

हे का फसतं ते नीट पाहा, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. गाणं कोणाला तरी उद्देशून असतं आणि ती व्यक्ती रंगमंचावरच बसलेली असते. गाण्यातला प्रत्येक शब्द तिच्याही कानावर पडतो. "विष" ऐकूनही ती खुर्चीतून उठत नसेल, तर प्रेक्षक तिला मूर्ख ठरवतात, आणि मूर्ख माणसाची काळजी कुणाला वाटत नाही. म्हणून प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारा: हे ऐकून ती का उठत नाही? उत्तर नसेल तर शब्द काढा, कितीही आवडता असला तरी.

हा खड्डा बुजला असं वाटतं तेव्हाही तो बुजलेला नसतो. नामं स्वच्छ केली की काळा रंग क्रियाविशेषणांतून झिरपतो. "शांत झोपले" चालेल, "कायमचे झोपले" नाही. "हळूच" चालेल, "हळूहळू" लिहिलंत की लोक कारस्थान हुंगायला लागतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे शेवटचा कबुलीचा अंतरा. समजलं नाही तर काय, या भीतीने आपण एक कडवं वाढवतो आणि त्यात खलनायक सगळं ओकून टाकतो. ते कडवं फाडा. तेवढं धैर्य नसेल तर निदान दोन दिवस बाजूला ठेवून मग वाचा.

आता उदाहरणच घेऊ. वडिलांच्या मृत्यूनंतर मुलगी बऱ्याच वर्षांनी घरी परतली आहे. उद्या तिची सही झाली की घर तिच्या नावावर होईल. आजवर घर काकाने सांभाळलं. वडील झोपेतच गेले, हे प्रेक्षकांना आधीच्या प्रवेशात घरातल्या नोकराच्या तोंडून जाता जाता कळलं आहे. रात्र झाली आहे. काका पुतणीला म्हणतो:

थकलीस ना ग, प्रवास सरला
दार लोटतो, वारा शिरला

बाबांची ती खोली अजून
तशीच ठेवली सांभाळून
मीच त्यांच्या उशाशी होतो
जागे होते, तोवर होतो

किल्ल्या असोत माझ्यापाशी
उगाच ओझे तुझ्या उशाशी
निजा आता, दिवा मी नेतो
हाक मारू नका, मी येतो

ओळ सोळा मात्रांची, अगदी साधी. एकही काळा शब्द नाही. मग भीती येते कुठून?

वरच्या पातळीवर काका प्रत्येक ओळीत काहीतरी देतोय. विसावा, ऊब, वडिलांची आठवण, ओझ्यातून सुटका, निवांत झोप. खालच्या पातळीवर प्रत्येक ओळीत तो काहीतरी काढून घेतोय. आधी पुढची वाट (प्रवास सरला), मग बाहेर पडायचं दार, मग किल्ल्या, मग उजेड आणि शेवटी तिचा आवाज. मोह आणि धाक वेगवेगळ्या ओळींत वाटलेले नाहीत, तीच क्रिया दोन्ही कामं करते. लिहायला बसण्याआधी कागदाच्या डाव्या बाजूला "काय देतो" आणि उजव्या बाजूला "काय नेतो" असं लिहून काढा. पाच-सहा जोड्या जमल्या की गाणं जवळपास उभं राहिलं. उजवी बाजू मात्र चढत गेली पाहिजे. दिवा आधी गेला आणि किल्ल्या नंतर, तर किल्ल्यांचं कुणाला काही वाटणार नाही.

मोह म्हणजे स्तुती नव्हे, हेही इथेच सांगतो. पुतणीला चंद्राची उपमा देणारा काका लोचट वाटतो आणि प्रेक्षक त्याला पहिल्या ओळीत ओळखतात. मोह लक्ष देण्यात असतो. ती थकली आहे हे त्याने पाहिलं, वारा शिरला हे त्याला जाणवलं. समोरच्याची गरज बोलण्याआधी ओळखणारा माणूस आवडतोच.

खरं काम क्रियापदांत आहे, आणि मराठी इथे भरभरून देते. "दार लोटतो" पाहा. लोटलेल्या दाराला कडी नसते, म्हणून ती निर्धास्त आहे. "कडी लावतो" लिहिलं असतं तर ती दचकली असती, "बंद करतो" ने नुसती माहिती मिळाली असती. "सांभाळली" आणि "सांभाळून ठेवली" यांत तसाच फरक आहे. "ठेवली" लागलं की ती वस्तू सांभाळणाऱ्याच्या ताब्यात आली. "दिवा मालवतो" हा मोह फार होतो, पण मालवणाऱ्या दिव्याला मरणाचा अर्थ वापरून वापरून चिकटला आहे, प्रेक्षक मान डोलावून मोकळे होतात. "नेतो" म्हटलं की दिवा पेटताच राहतो, फक्त तिच्याजवळ राहत नाही. काळोख हा शब्द न उच्चारता काळोख झाला.

दुसरं हत्यार म्हणजे एकच शब्द दोनदा, मधल्या काळात त्याचा अर्थ बदललेला. पहिल्या अंतऱ्यात "उशाशी" म्हणजे आजाऱ्याची शुश्रूषा. लगेच "जागे होते, तोवर होतो" येतं. वरवर ही निष्ठा आहे, पण नोकराचं वाक्य ज्याला आठवतं त्याला तो हिशेब वाटतो. दुसऱ्या अंतऱ्यात "तुझ्या उशाशी" आलं की पहिली उशी आठवते. शब्द तोच, निरागस, फक्त माणूस बदलला. "होतो" ला "होतो" हे यमक नव्हे म्हणून कोणी जाणकार टोकेल. टोकू द्या. त्या जागी नवं यमक शोधलंत तर "तोवर" वरचं लक्ष यमकाकडे पळतं. यमकांच्या तयार याद्या घेऊन बसणाऱ्यांना हे उमगत नाही, हे माझं ठाम मत आहे. यादी तुम्हाला शब्द देते, पण तो त्या माणसाच्या तोंडी शोभतो का हे सांगत नाही.

"येतो" तर फुकटात मिळालेला आहे. निघताना आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. पुतणीला तो निरोप वाटतो. प्रेक्षकांना तो शब्दशः ऐकू येतो.

आता संबोधन. खलनायक "तुम्ही" वरून "तू" वर उतरला की धाक वाढतो, असं बरेच गुरू शिकवतात. परक्या माणसाशी बोलताना ते ठीक आहे, पण झटापटीआधीची ती सवयीची पायरी आहे. घरच्या माणसाच्या बाबतीत उलटं करून पाहा. पुतणीला काका आयुष्यभर "तू" म्हणत आलाय. शेवटच्या दोन ओळींत तो "निजा" आणि "नका" म्हणतो. वरवर लाडिक चेष्टा, उद्याच्या मालकिणीला दिलेला मान. प्रत्यक्षात नातं तोडलं. अट एवढीच की आधी "तू" पुरेसं रुजलेलं हवं. इथे "थकलीस" आणि "तुझ्या" अशा दोनच जागा आहेत, तेवढ्या पुरतात, कारण आधीच्या प्रवेशांतही तो तिला तूच म्हणतो.

हे सगळं एका गोष्टीवर टेकलेलं आहे: प्रेक्षकाला आधी माहीत असलेलं एक सत्य. एकच. दोन असली की तो कोडं सोडवत बसतो आणि गाणं ऐकायचं राहतं. ते सत्य गाण्याच्या अगदी आधी सांगू नका, नाहीतर गाणं पुरावा होऊन बसतं. निदान एक प्रवेश आधी, दुसऱ्याच्या तोंडून, महत्त्व न देता.

तपासणी सोपी आहे. गाणं दोघांना द्या. एकाने नाटक तिथपर्यंत वाचलेलं असावं, दुसऱ्याला काहीच ठाऊक नसावं. मोठ्याने, सपाट आवाजात, चाल न लावता वाचून दाखवा. अजाण माणूस म्हणाला, "छान आहे, काका प्रेमळ दिसतो," तर जमलं. तो बिचकला तर शब्द जड झाले आहेत. जाणता थंड राहिला तर आधी गाण्याला हात लावू नका, नोकराचं वाक्य तपासा, बहुधा ते हवेत विरलेलं असतं. पहिल्या मसुद्यात दोघंही चुकीचं उत्तर देतात. त्याने खचू नका, तिसऱ्या-चौथ्या मसुद्यात गाडी रुळावर येते.

संगीतकाराकडे एकच मागणी करा: "जागे होते" नंतरचा स्वल्पविराम ऐकू आला पाहिजे. ओळ एका दमात सरकली की "तोवर" बुडतो आणि गाण्याची अर्धी भीती जाते.

शेवटी संहितेच्या प्रतीबद्दल. "निजा आता" च्या जागी "नीज आता" म्हटलं तरी सातच मात्रा होतात. "नका" आणि "नको" चंही तेच, दोघांच्या तीन. म्हणजे टंकलेखन करणारा, सहायक किंवा खुद्द नट, कोणीतरी भल्या मनाने ही "चूक" सुधारणारच, आणि चालीत कुठेही खटकणार नाही. त्या दोन शब्दांखाली रेघ मारा आणि समासात लिहा: असंच हवं.