रेफरल बोनस चालवताना मी केलेली चूक (नवीन एचआरवाल्यांसाठी)

वडोदऱ्यात एका सपोर्ट कंपनीत एचआरला लागले तेव्हा पहिलंच काम मिळालं ते रेफरल स्कीमचं. ओळखीतला माणूस आणा, तो जॉइन झाला की पहिल्या पगारासोबत तुम्हाला १५,००० रुपये. माणसं पटापट आली, पोर्टलचा खर्च वाचला, आणि मी जाम खूश.

चार महिन्यांत रात्रपाळीच्या टीममधे आठ नवीन आले, त्यातले सहा रेफरलने, आणि त्या सहातले पाच एकाच मुलाने आणलेले, सगळे फतेहगंजमधे एकाच फ्लॅटवर राहणारे. मग त्या मुलाला पुण्यात नोकरी लागली, तो गेला आणि महिन्याभरात त्याच्या मागोमाग तिघं गेले, रोस्टर उघडा पडला आणि बोनस तर आम्ही आधीच वाटून बसलो होतो!!

नंतर बोनसचे दोन हप्ते केले, ५,००० नव्वद दिवसांनी आणि उरलेले सहा महिन्यांनी, आणि त्या दिवशी दोघंही नोकरीत असले तरच. आणि हो, आकडा सांगताना टीडीएस कापून हातात कमी येतील हे आधीच सांगा, हा बोनस पगारातच धरला जातो, नाहीतर पगाराच्या दिवशी तुमच्या टेबलाशी भांडण ठरलेलं.

पण हप्त्यांनी फक्त पळापळ थांबते, मित्रांचा अड्डा होणं थांबत नाही. त्याचं मूळ मला उशिरा सापडलं. टीम लीडर स्वतःच्या दोस्ताचा इंटरव्ह्यू स्वतःच घेत होता. मी एक्सेलमधे राउंडप्रमाणे आकडे लावले, तर त्याच्या राउंडला रेफरलवाले दहातले नऊ पास आणि दुसऱ्या टीमचा माणूस घेतो त्या राउंडला त्याच दहातले चार. पोर्टलवरून आलेल्यांमधे एवढी तफावत नव्हती. ही फट दिसली की समजा ओळख मार्क देतेय.

म्हणून आता रेफर करणारा आणि त्याचा लीडर दोघंही पॅनेलवर नसतात, मॅनेजर आणि एचआरला बोनस नाही, आणि जागा पोर्टलवरही टाकावीच लागते म्हणजे बाहेरच्यालाही दार उघडं राहतं. फॉर्मात एक प्रश्न वाढवला, "याच्यासोबत काम केलंय की नुसती ओळख आहे?" नुसती ओळख असली तरी चालते, फक्त मग कामाची टेस्ट कडक घेतो. रिजेक्ट झाला तर रेफर करणाऱ्याला निकाल कळवतो, मार्क नाही. एकदा मी मार्क सांगून बसले होते, मग कॅंटीनमधे सगळ्यांना कळलं आणि तो बिचारा मुलगा परत कधी अप्लायच करेना.

एकाच माणसाने एका टीममधे दोनपेक्षा जास्त आणले की तिसऱ्याला आम्ही दुसऱ्या शिफ्टमधे टाकतो. यावर अजून कुरकुर होते, कारण ऑफिसला एका बाइकवर येता येत नाही.