पंप उंचीवर बेतला, पाणी लांबीत अडलं: या चुका टाळा

उन्हाळ्यातल्या पाणीपातळीपासून शेताच्या टोकापर्यंत चढ 22 मीटर, पीव्हीसी पाइपलाइन 600 मीटर, आणि पाणी हवं सेकंदाला 5 लिटर. दुकानात चढ सांगायचा, वर दहा टक्के धरायचे आणि 24-25 मीटर हेडचा पंप घरी आणायचा, ही नेहमीची रीत. मग टोकाला धार बारीक पडते. कारण पाणी 600 मीटर पाइपाला घासत जातं, त्याचा हिशेबच झालेला नसतो. तो असा करतात:

```
hf = f × (L/d) × v²/2g
```

hf म्हणजे घर्षणात जाणारं हेड, f घर्षणाचा गुणांक, v वेग, L लांबी, d व्यास आणि g 9.81. पीव्हीसीसाठी f ढोबळमानाने 0.02 धरावा.

पहिली फसगत d मध्ये होते. ‘75 चा पाइप’ हे बाहेरचं माप. 4 किलोच्या पाइपात आतला व्यास साधारण 70 मिमीच भरतो. 5 लिटरला त्यात वेग सेकंदाला 1.3 मीटर येतो आणि घर्षणात 14.8 मीटर जातात. 75 धरून मांडलं असतं, तर साडेदहाच आले असते. पाच मिलिमीटरांनी चार मीटर हेड गिळलं, कारण ठरलेल्या पाण्याला व्यास पाचव्या घातात मोजला जातो.

दुसरी चूक म्हणजे एल्बो मोजत बसणं. फूटव्हॉल्व्ह, एनआरव्ही, सहा एल्बो आणि आउटलेट मिळून K ची, म्हणजे प्रत्येक फिटिंगच्या अडथळ्याच्या गुणांकाची, बेरीज 11 धरा. v²/2g म्हणजे 0.086 ने गुणलं की जेमतेम एक मीटर. लांब लाइनीत फिटिंग चिमूटभरच. सक्शनला मात्र तेच फिटिंग महाग पडतं: तिथं मुळात ओढायची ताकदच मर्यादित, त्यात बारीक पाइप किंवा तुंबलेली जाळी आली की पंप खडखडतो.

चढ, घर्षण आणि फिटिंग मिळून एकूण हेड झालं 38 मीटर. पंपाची कार्यक्षमता 50 टक्के धरली, तर सुमारे 5 एचपी लागतात. आतून 84 मिमी असलेला 90 चा पाइप टाकला, तर घर्षण 6 मीटरवर येतं आणि एकूण हेड साडेअठ्ठावीसवर. मी तरी पंप वाढवण्याआधी पाइपाचाच भाव विचारेन.

‘असू दे जास्त’ म्हणून 50 मीटरचा पंप घेणंही चूकच. तो ठरल्यापेक्षा जास्त पाणी फेकतो, मोटर जादा अँपिअर ओढते. पंपाच्या तक्त्यात कमाल हेड बघू नका. 5 लिटरच्या खाली 38 मीटर आहे का, ते बघा.

बसवलेल्या पंपाचं दुखणं शोधायला डिलिव्हरीवर प्रेशर गेज लावा आणि टोकाला 200 लिटरचा ड्रम भरा. 40 सेकंद लागले, तर 5 लिटर. आपल्या 75 च्या लाइनीत पंप पाण्यापासून 4 मीटर वर असेल, तर गेजवर साधारण 3.3 किलो दिसायला हवेत. काटा त्याहून वर आणि पाणी कमी असेल, तर पुढे कुठेतरी लाइन तुंबली आहे किंवा व्हॉल्व्ह अर्धा बंद आहे. काटाही खाली आणि पाणीही कमी असेल, तर सक्शनला हवा जाते का ते बघा, नाहीतर पंपाचा इम्पेलर झिजलेला असेल.