डॉकला लॅपटॉप जोडला, मॉनिटर दिसायला लागला, मग बॅटरी का उतरते?

माझी वहिनी घरूनच काम करते. टेबलावर मोठा मॉनिटर, त्याच्या मागे बोटभर जाडीचा डॉक, डॉकमध्ये चार्जर आणि डॉकमधून एकच यूएसबी-सी केबल लॅपटॉपला. सकाळी दहाला बॅटरी ९० टक्के असायची आणि दुपारी दोनला ५०. पडद्यावर चार्जिंगचं चिन्ह मात्र पूर्ण वेळ दिसायचं. "लॅपटॉपची बॅटरी गेली वाटतं," असं तिने ठरवून टाकलं होतं आणि नवीन बॅटरीची किंमतही काढून आणली होती. बॅटरी ठणठणीत होती. चार्जरपासून लॅपटॉपपर्यंत पोचताना वॅट गळत होते. ते कुठे गळतात हे शोधायला अर्धा तास पुरतो.

आधी एक शंका फेडून घ्या. बॅटरी ८० टक्क्यांवर येऊन थांबत असेल आणि तिथून खाली उतरत नसेल, तर तो बहुधा दोष नाही. बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून बऱ्याच लॅपटॉपांत ही मर्यादा मुद्दाम घातलेली असते आणि ती सेटिंगमधून काढता येते. टक्के खाली उतरत असतील किंवा तासभरात दोन-चारच वाढत असतील, तर पुढे वाचा.

१. लॅपटॉपला किती वॅट लागतात ते पाहा

लॅपटॉपसोबत आलेला मूळ अडॅप्टर उलटा करा. त्यावर आउटपुटपुढे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असेल तर ६५ वॅट. वहिनीच्या लॅपटॉपचा आकडा हाच होता. लॅपटॉप चालवून उरलेल्या विजेवर बॅटरीही भरता यावी, अशा बेताने कंपनीने तो ठरवलेला असतो.

२. चार्जर प्रत्येक पोर्टला किती देतो ते वाचा

इथे बहुतेक जण फसतात. डब्यावर ठळक छापलेला आकडा बऱ्याचदा एकच पोर्ट वापरात असतानाचा असतो. वहिनीचा चार्जर ६५ वॅटचा, दोन पोर्टांचा. चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की दोन्ही पोर्ट वापरले तर एकाला ४५ आणि दुसऱ्याला २० वॅट. दुसऱ्या पोर्टमध्ये तिचा फोन कायमचा लावलेला.

एक खूण सांगतो. त्या चार्जरला फोन लावला की मॉनिटर क्षणभर काळा होऊन परत यायचा. वहिनीला वाटायचं एचडीएमआय केबल सैल झाली आहे. खरं कारण असं की दुसरं उपकरण जोडलं की चार्जर आधीची वाटणी मोडून नव्याने करतो. त्या क्षणी डॉकचा वीजपुरवठा तुटतो आणि डॉकमधून जाणारं चित्रही जातं. तुमच्याकडे असं होत असेल तर चार्जर वॅट वाटून देतोय, हे मोजण्याआधीच कळलं.

३. केबल कुठली आहे ते ओळखा

चार्जरपासून डॉकपर्यंत जाणारी केबल तपासा. दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेल्या साध्या केबलमधून ३ अँपिअरच जाऊ शकतात. २० व्होल्टवर त्याचे ६० वॅट होतात. त्यापुढे जायचं तर ५ अँपिअरची केबल हवी. तिच्या टोकात एक छोटी चिप असते आणि "मी ५ अँपिअर पेलू शकते" हे ती चार्जरला सांगते. ही चिप सापडली नाही तर चार्जर १०० वॅटचा असला तरी ६० च्या पुढे देत नाही. वितळून आग लागू नये म्हणून ही सोय आहे आणि ती योग्यच आहे. नव्या केबलींवर ६० किंवा २४० वॅट असं छापलेलं असतं, मधल्या काळातल्या चांगल्या केबलींवर १०० वॅट. काहीच छापलेलं नसेल तर ६० धरून चाला. वहिनीकडे फोनसोबत आलेली पांढरी, बारीक केबल होती.

४. डॉक स्वतःसाठी किती ठेवून घेतो ते शोधा

डॉक दोन प्रकारचे असतात. एकाला स्वतःचा जाडजूड अडॅप्टर असतो. त्याच्या माहितीत लॅपटॉपला किती वॅट मिळतील ते वेगळं लिहिलेलं असतं आणि तेवढे ते मिळतात. दुसरा हा छोटा, आपला चार्जर लावून घेणारा. त्याच्यातली चित्र बदलून देणारी चिप, नेटवर्कचं पोर्ट, आपण लावलेला माऊस, पेनड्राइव्ह हे सगळं त्याच चार्जरवर चालतं. त्यामुळे डॉक आधी आपला वाटा बाजूला काढतो आणि उरलेलं लॅपटॉपला देऊ करतो. १०० वॅट आत, ८५ वॅट बाहेर असं माहितीपत्रकात दिसलं, तर वाटा १५ वॅटचा. डॉकला त्या क्षणी ५ च वॅट लागत असले तरी तो १५ बाजूला ठेवतो, कारण तुम्ही कधीही त्यात हार्डडिस्क खुपसू शकता.

डॉकवर यूएसबी-सीची दोन सारखी दिसणारी भोकं असतील तर चार्जर योग्य भोकात आहे ना, तेही पाहून घ्या. एक चार्जिंगचं असतं, दुसरं नुसतं डेटाचं. लॅपटॉपकडेही तसंच. त्याचं प्रत्येक यूएसबी-सी पोर्ट चार्जिंग घेतंच असं नाही.

५. आता वजाबाकी करा

वहिनीचा हिशोब असा. फोन लावलेला नसताना चार्जर ६५ देतो, पण केबल ६० वर अडवते. त्यातून डॉकचे १५ गेले, लॅपटॉपला ४५ उरले. व्हिडिओ कॉल, दहा टॅब आणि मॉनिटर मिळून तिचा लॅपटॉप साधारण ३५ वॅट खातो. म्हणजे बॅटरीला १० वॅट. तिची बॅटरी ५० वॅट-तासांची आहे, म्हणजे रिकामी भरायला पाच तास. हे झालं हळू चार्जिंग.

फोन लावला की चार्जर ४५ वर येतो. डॉकचे १५ वजा केले की लॅपटॉपच्या वाट्याला ३०. खर्च ३५, आवक ३०. उरलेले ५ वॅट लॅपटॉप गुपचूप बॅटरीतून उचलतो. चार तासांत २० वॅट-तास, म्हणजे बरोबर ४० टक्के. सकाळचे ९० दुपारी ५० का व्हायचे, ते इथे कळलं. चार्जिंगचं चिन्ह खोटं बोलत नव्हतं. वीज येतेय एवढंच ते सांगतं, पुरेशी येतेय असं सांगत नाही.

हिचा लॅपटॉप निदान ३० वॅट घेत तरी होता. काही लॅपटॉप कमी वॅटची ऑफर दिसली की चार्जिंगच नाकारतात, किंवा फक्त झोपलेले असताना घेतात. काही ते घेतात, पण प्रोसेसरचा वेग कमी करून टाकतात, म्हणजे तक्रार "लॅपटॉप डॉकला लावला की संथ होतो" अशी येते. बॅटरी पूर्ण संपलेली असेल तर काही सुरूच होत नाहीत. मूळ कारण सगळ्यांचं एकच असू शकतं.

६. हिशोब खरा आहे का ते मोजा

विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून ही ओळ टाका:

```
Get-CimInstance -Namespace root/wmi -ClassName BatteryStatus |
  Select PowerOnline, ChargeRate, DischargeRate
```

आकडे मिलिवॅटमध्ये येतात, हजाराने भागा. `PowerOnline` पुढे `True` असताना `DischargeRate` शून्य नसेल, तर वीज जोडलेली असूनही बॅटरी उतरतेय हे सिद्ध झालं. वहिनीकडे तिथे पाच हजारांच्या आसपास आकडा आला. तिच्याच हाताने फोनची केबल काढायला सांगितली, मिनिटभर थांबून ओळ परत चालवली, तर `DischargeRate` शून्य आणि `ChargeRate` दहा हजारांच्या जवळ.

याच ओळीने लॅपटॉपचा खरा खर्चही कळतो. नेहमीचं काम चालू असताना डॉकमधून चार्जर काढा आणि आकडा पाहा. मॉनिटर चालू राहिला तर त्यात डॉकचा खर्चही आला, कारण आता डॉक लॅपटॉपच्या जिवावर चालतोय. पडद्याचा उजेड बॅटरीवर आपोआप कमी होतो, तो आधी पहिल्यासारखा करून घ्या.

मॅकवर टर्मिनलमध्ये हे टाका. डॉक किती वॅट देऊ करतोय ते थेट दिसेल:

```
system_profiler SPPowerDataType | grep Wattage
```

केबलमध्ये लावायचा छोटा यूएसबी-सी मीटर तुमच्याकडे असेल तर तो चार्जर आणि डॉक यांच्यामध्ये लावा. डॉक आणि लॅपटॉपच्या मध्ये लावला तर बऱ्याच मीटरमधून मॉनिटरचं चित्र जात नाही आणि डॉक बिघडला असं वाटून तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल.

७. दुरुस्ती, फुकटापासून सुरुवात करून

पहिली गोष्ट, फोन दुसऱ्या चार्जरला लावा. तेवढ्याने भागलं नाही आणि लॅपटॉपला चार्जिंग घेणारं दुसरं पोर्ट असेल, तर मूळ अडॅप्टर थेट लॅपटॉपला जोडा आणि डॉकमधून चार्जर काढून टाका. डॉकला लागणारे थोडे वॅट लॅपटॉप देतो. एक केबल जास्त लोंबते, पण खर्च शून्य. डॉकला हार्डडिस्क किंवा त्याच्यावरच चालणारा पोर्टेबल मॉनिटर लावत असाल तर मात्र हे टाळा.

खर्च करायचा तर चार्जर आणि केबल दोन्ही एकत्र बदला, एकच बदलून पूर्ण फायदा होत नाही. लॅपटॉपचे वॅट अधिक डॉकचा वाटा, हा किमान आकडा. ६५ आणि १५ मिळून ८०, म्हणून १०० वॅटचा चार्जर आणि ५ अँपिअरची केबल. मोठ्या चार्जरने लॅपटॉप जळेल ही भीती नको. यूएसबी पॉवर डिलिव्हरीमध्ये चार्जर आपल्याकडे काय आहे त्याची यादी दाखवतो, डॉक त्यातून आपला वाटा वगळून लॅपटॉपसमोर दुसरी यादी ठेवतो, आणि लॅपटॉप त्याला हवं तेवढंच मागतो. ८५ देऊ केले तरी ६५ वाला लॅपटॉप ६५ च्या वर घेत नाही.

डॉक न घेता यूएसबी-सी असलेला मॉनिटरच घेणार असाल तर चित्रासोबत चार्जिंगचे वॅट किती ते विकत घेण्याआधी विचारा. ९० वॅट देणारे असतात, ६५ वालेही असतात आणि फक्त १५ देणारेही. तिन्हींचं पोर्ट दिसायला अगदी सारखं. आणि १८० किंवा २३० वॅटचा अडॅप्टर लागणारा गेमिंग लॅपटॉप असेल, तर खेळताना त्याचा स्वतःचा अडॅप्टरच लावा, साध्या डॉकचे १०० वॅट त्याला पुरत नाहीत.

वहिनीने १०० वॅटचा चार्जर आणि वर २४० वॅट छापलेली मीटरभर केबल आणली. कॉल चालू असतानाच ती ओळ पुन्हा चालवली. `ChargeRate` २९ हजारांच्या वर, बॅटरी ५२ टक्के. कॉल संपेपर्यंत ती ८० च्या पुढे गेली होती.